नाइट मोड लावला, तरी ओवाळणाऱ्या ताईचा हात धूसर का येतो?

दिवाळी झाली की बऱ्याच घरांत एकच तक्रार ऐकू येते. फोन नवा आहे, कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा आहे, अंधार वाटला म्हणून नाइट मोडही लावला होता, तरी भाऊबीजेच्या औक्षणाचे फोटो धूसर आले. त्याच फोनवर सकाळी अंगणातल्या रांगोळीचा फोटो काढला, तर त्यात रंगाचा कण न् कण दिसतो. बारसं असो, साखरपुडा असो की गणपतीची आरती, घरात काढलेल्या फोटोंचं असंच होतं. फोन बदलल्यावर ते सुधारेल असं आपण धरून चालतो आणि नव्या फोनवरही तसंच होतं.

याचं कारण बहुतेक वेळा वेळेत सापडतं. एक फोटो घ्यायला कॅमेऱ्याला किती वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात समोरचा माणूस किती हलतो, एवढ्यावर घरातल्या फोटोचं बरंचसं ठरतं. फोकस, एक्स्पोजर आणि नाइट मोड या तिन्ही गोष्टी या वेळेशी बांधलेल्या आहेत. म्हणून आधी वेळेचं गणित समजून घेऊ आणि मग औक्षणाचा एक फोटो सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढून बघू.

आधी बिघडलेला फोटो मोठा करून बघा

सगळे धूसर फोटो एकाच कारणाने धूसर होत नाहीत, आणि कारण ओळखलं नाही तर उपाय चुकतो. गेल्या समारंभातला एखादा फसलेला फोटो उघडा, दोन बोटांनी मोठा करा आणि नीट निरखा.

फोटोतली भिंत, तोरण, घड्याळ सगळं सुबक आहे आणि फक्त माणूस फरकटल्यासारखा दिसतोय, तर माणूस हलला. भिंतीपासून माणसापर्यंत सगळंच एका दिशेला सरकलेलं दिसतंय, तर फोन धरणाऱ्याचा हात हलला. मागचं कपाट स्पष्ट आणि पुढचा चेहरा मऊ, म्हणजे फोकस चुकीच्या जागी गेला. सगळ्या फोटोवर पांढुरकी साय आणि प्रत्येक दिव्याभोवती पसरलेलं वलय असेल, तर लेन्सवर बोटांचं तेल आहे. लाडू-चिवडा हातात घेऊन फोन हाताळण्याच्या दिवसांत हे कारण फार जणांच्या फोटोत असतं. सुती कापडाने लेन्स पुसली की ते संपतं, त्यासाठी काही शिकायला नको.

आणखी एक प्रकार आहे. फोटो हललेला नाही, फोकसही बरोबर आहे, पण चेहरा मेणाचा वाटतो, भुवयांचे केस एकमेकांत मिसळून गेलेत. उजेड कमी पडला की फोटोत दाणे येतात आणि फोन ते दाणे घासूनपुसून काढतो, तेव्हा असं होतं. त्यात ‘ब्यूटी’ फिल्टर चालू असला तर दुप्पट घासलं जातं. बऱ्याच फोनमध्ये तो सेल्फीसाठी आधीपासूनच चालू असतो. समारंभाआधी एकदा सेटिंगमध्ये बघून बंद करून टाका. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या फोटोत राहायलाच हव्यात.

खोलीत तर लख्ख उजेड होता, मग कमी कसा पडला?

आपले डोळे अंधाराशी इतक्या सहज जुळवून घेतात की खोलीतला उजेड खरा किती कमी आहे हे आपल्याला जाणवतच नाही. उजेड मोजायचं एकक आहे लक्स. भर दुपारच्या उन्हात ते एक लाखाच्या घरात असतं. उन्हाच्या दिवशी झाडाच्या सावलीतही काही हजार लक्स मिळतात. रात्री एक-दोन ट्यूब लावलेल्या दिवाणखान्यात मात्र शंभरच्या आसपास, आणि कोपऱ्यात पाट मांडला असेल तर त्याच्याही निम्मे. म्हणजे उन्हाच्या तुलनेत हजारावा हिस्सा.

एवढ्या कमी उजेडात चित्र उमटवायला कॅमेऱ्यापुढे दोन मार्ग असतात. एक म्हणजे उजेड जास्त वेळ गोळा करणं. या वेळेला शटर म्हणतात आणि तो सेकंदाच्या भागात मोजतात. दुसरा मार्ग म्हणजे मिळालेला थोडका उजेड विजेने वाढवून घेणं. या वाढवण्याचं माप म्हणजे आयएसओ. आयएसओ वाढवला की चित्र उजळतं, पण दाणेही तितकेच वाढतात. तिसरा मार्ग, लेन्सचं भोक मोठं करण्याचा, मोठ्या कॅमेऱ्यात असतो. बहुतेक फोनमध्ये ते भोक कायमचं ठरलेलं असतं.

आता आपला दिवाणखाना घेऊ. शंभर लक्स उजेड, चांगल्या फोनची मुख्य लेन्स, आयएसओ ४००. अशा वेळी नीट उजळ फोटोला सुमारे १/५० सेकंद लागतो. आयएसओ ८०० केला तर १/१०० सेकंदात काम होतं. उजेड निम्मा झाला की वेळ पुन्हा दुप्पट.

१/५० सेकंद ऐकायला पापणी लवण्यापेक्षाही कमी वाटतो. पण ओवाळणाऱ्या हाताचा हिशोब करून बघा. ताम्हण साधारण वीस सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतं, म्हणजे एका फेरीत सव्वा मीटर अंतर. एका फेरीला अडीच सेकंद धरले तर हात सेकंदाला अर्धा मीटर वेगाने चाललाय. १/५० सेकंदात तो एक सेंटिमीटर पुढे जातो. बांगड्या एकमेकींत मिसळून जायला एवढं पुरतं. १/१०० सेकंदात तो अर्धा सेंटिमीटर सरकतो, जे कौटुंबिक फोटोत खपून जातं. पाटावर बसलेल्या भावाचा चेहरा मात्र या वेळात जेमतेम मिलिमीटरभर हलतो, म्हणून तो दोन्ही वेळा स्पष्ट येतो.

मग नाइट मोड नेमकं करतो काय?

नाइट मोड म्हणजे एक फोटो नसतो. फोन एकामागोमाग अनेक फोटो घेतो, हाताच्या थरथरीने ते एकमेकांपासून जेवढे सरकले असतील तेवढे पुन्हा जुळवतो आणि त्यांची सरासरी काढून एकच चित्र बनवतो. गुगलने पिक्सेल फोनमध्ये २०१८ साली आणि ॲपलने २०१९च्या आयफोन ११पासून हे दिलं. आता मध्यम किमतीच्या फोनमध्येही ते सर्रास मिळतं.

सरासरीने फायदा का होतो? गणपतीच्या आरतीला वीस माणसं एकत्र म्हणत असतात. त्यांतला प्रत्येक जण कुठे ना कुठे सूर सोडतो, पण प्रत्येकाची चूक वेगळ्या जागी होत असल्यामुळे त्या चुका एकमेकींत विरतात आणि ऐकणाऱ्याला चाल स्वच्छ ऐकू येते. फोटोतल्या दाण्यांचं तसंच आहे. प्रत्येक फोटोत ते वेगळ्या जागी पडतात, म्हणून नऊ फोटोंच्या सरासरीत दाणे साधारण तिपटीने कमी होतात. पण सगळे जण एकच कडवं म्हणत असतील तरच हे जमतं. निम्मे पुढच्या कडव्यावर गेले की गोंधळ होतो. कॅमेऱ्यापुढचा माणूस हलला, म्हणजे नऊ फोटोंत नऊ जागी दिसला, की सरासरीचा नेमका तसाच गोंधळ होतो.

फोन हातात धरला असताना नाइट मोड साधारण एक ते तीन सेकंद चालतो. मघाचा सेकंदाला अर्धा मीटर चालणारा हात एका सेकंदात जवळजवळ अर्धं वर्तुळ पार करतो. नवे फोन हलणारा भाग ओळखून तो एकाच फोटोतून उचलण्याचा प्रयत्न करतात, पण मग नेमका तोच भाग दाणेदार किंवा घासलेला दिसतो. कधी दोन हातांच्या जागी तीन हातांची सावली उमटते.

फोनमध्ये लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा आहे, ती का नाही सावरत, असं कोणी विचारेल. ती यंत्रणा फोटो काढणाऱ्याच्या हाताची थरथर सावरते. समोरच्या माणसाची हालचाल तिला कळतही नाही आणि थांबवताही येत नाही.

म्हणजे नाइट मोड लावायचाच नाही?

लावायचा, पण जिथे काही हलत नाही तिथे. मखरातला गणपती, समया, फुलांची आरास, रुखवताचं ताट, मांडून ठेवलेली पंगत, बाळ झोपी गेल्यावरचा पाळणा. यांचे फोटो नाइट मोडमध्ये साध्या मोडपेक्षा कितीतरी चांगले येतात, कारण पितळेची चमक आणि जरीची वीण दाण्यांत हरवत नाही. फोन कपाटाला टेकवून किंवा फळीवर उभा करून तीन सेकंदांचा टायमर लावला, तर बटण दाबतानाचा धक्काही लागत नाही. फोन पूर्ण स्थिर आहे हे ओळखून काही फोन स्वतःच जास्त वेळ देऊ करतात. निर्जीव वस्तूंसाठी तो वेळ अवश्य घ्या.

सगळे एका जागी उभे राहिलेल्या ग्रुप फोटोलाही नाइट मोड चालतो, फक्त मंडळींना आधी सांगायला हवं. “हसा” एवढं सांगितलं की बटण दाबलेलं ऐकताक्षणी अर्धे लोक हलायला लागतात. “मी ‘झालं’ म्हणेपर्यंत कुणी हलू नका” असं सांगितलं की लोक खरंच थांबतात. दोन वर्षांचं पोर कडेवर असेल तर मात्र नाइट मोड सरळ बंद करा. ते एक सेकंद थांबणार नाही आणि थांबावं अशी अपेक्षाही चुकीची आहे.

अडचण अशी की बऱ्याच फोनमध्ये नाइट मोड आपोआप चालू होतो. पडद्यावर चंद्रकोरीचं चिन्ह दिसलं की समजावं. आयफोनवर ते पिवळं होतं आणि शेजारी सेकंदांचा आकडा येतो. त्यावर टिचकी मारून तो बंद करता येतो, पण कॅमेरा पुन्हा उघडला की तो परत चालू होतो. कायम बंद ठेवायचा असेल तर Settings, मग Camera, मग Preserve Settings इथे जाऊन Night Mode समोरचं बटण चालू करावं. तसं केल्यावर आपण शेवटचं जे ठेवलं तेच टिकतं. अँड्रॉइडवर चंद्रकोर बहुधा पडद्याच्या कोपऱ्यात येते. प्रत्येक कंपनीची जागा वेगळी, पण चिन्ह तेच.

नाइट मोड बंद केला तर फोटो काळा येईल ना?

थोडा गडद येईल, थोडे दाणे येतील. आणि इथे माझं मत ठाम आहे. दाणेदार फोटो नंतर उजळता येतो, सावरता येतो, छापला तर पोस्टकार्डाच्या आकारात दाणे दिसतही नाहीत. हललेला चेहरा मात्र नंतर कुठल्याही ॲपने खरा परत येत नाही. दोन्हींतून निवडायचं असेल तर दाणे निवडावेत.

शिवाय आजच्या फोनचा साधा मोडही तसा साधा राहिलेला नाही. तोही काही फोटो झटपट घेऊन जुळवतोच, फक्त सगळं सेकंदाच्या लहानशा भागात उरकतं.

आणि मूळ उपाय फोनच्या बाहेर आहे, तो म्हणजे खोलीतला उजेड वाढवणं. वीस वॅटची एक एलईडी ट्यूब सुमारे दोन हजार ल्युमेन प्रकाश देते. खोलीत एकाऐवजी दोन ट्यूब लावल्या की कॅमेऱ्याला लागणारा वेळ निम्मा होतो. कुठल्याही सेटिंगने एवढा फायदा इतक्या सहज मिळत नाही. समारंभात वातावरण छान वाटावं म्हणून आपण ट्यूब बंद करून फक्त माळा लावतो. माळा लावा, पण पाच मिनिटांच्या औक्षणापुरती ट्यूबही चालू ठेवा. पाट मांडतानाच ट्यूबकडे बघून जागा ठरवली तर आणखी चांगलं. ट्यूब भावाच्या चेहऱ्यासमोर किंवा बाजूला असावी, पाठीमागे नको. चार फूट जागा सरकवल्याने चेहऱ्यावरचा उजेड दुप्पट होऊ शकतो. दिवस असेल तर खिडकीजवळची जागा सगळ्यांत उत्तम.

फोकस आपण ठरवायचा, फोनवर सोडायचा नाही

भरपूर उजेडात फोन फोकस क्षणात पकडतो. सेन्सर लेन्सच्या दोन बाजूंनी आलेली चित्रं ताडून बघतो आणि ती जुळेपर्यंत लेन्स सरकवतो. कमी उजेडात ही दोन्ही चित्रं दाण्यांनी भरलेली असतात, म्हणून त्याला जुळणी सापडत नाही. पडद्यावर चित्र आत-बाहेर होत राहतं आणि त्यातच एखादी ठळक गोष्ट, बहुतेक वेळा मागची दिव्यांची माळ, फोकस ओढून घेते.

यावर उपाय म्हणजे पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवणं. त्यातही गालावर टेकवू नका. गाल सपाट असतो, त्यात जुळवायला रेषा नसते. डोळा, चष्म्याची कड, कपाळावरची कुंकवाची टिकली किंवा साडीचा काठ अशा ठळक जागी टेकवा. बोट टेकवून दोन सेकंद तसंच दाबून ठेवलं की फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही तिथेच थांबून राहतात. आयफोनवर पडद्याच्या वर AE/AF LOCK अशी अक्षरं येतात, बहुतेक अँड्रॉइड फोनवर कुलपाचं चिन्ह येतं. मग फोटो काढताना फोन पुन्हा शोधाशोध करत नाही, बटण दाबलं की लगेच फोटो निघतो.

या कुलपाची मर्यादा लक्षात ठेवा. फोकस एका अंतरावर थांबलेला असतो. दीड मीटरवर लॉक केला तर वीतभर पुढे-मागे सरकलेलं चालतं, पण तुम्ही किंवा समोरचा माणूस दोन पावलं हलला तर लॉक सोडवून पुन्हा करावा लागतो. पडद्यावर दुसरीकडे टिचकी मारली की तो सुटतो. लॉक तसाच राहिला आणि सगळे पुढचे फोटो मऊ आले, असं सहज होऊ शकतं. म्हणून प्रसंग संपला की लगेच सोडवावा.

फार जवळ जाऊनही फोकस बिघडतो. अलीकडच्या मोठ्या सेन्सरच्या फोनना मुख्य लेन्सने पंधरा-वीस सेंटिमीटरच्या आतलं नीट दिसत नाही. तेवढं जवळ गेलं की काही फोन गुपचूप अल्ट्रावाइड लेन्सवर जातात, जी कमी उजेडात बरीच कमकुवत असते. बाळाच्या मुठीचा फोटो हवा असेल तर हातभर मागे राहून काढा आणि नंतर कापून घ्या.

निरांजनाची ज्योत आणि काळवंडलेला चेहरा

एक्स्पोजर म्हणजे फोटो एकूण किती उजळ असावा याचा फोनने केलेला अंदाज. चौकटीतला उजेड बघून, सगळं मिळून मध्यम दिसेल असं तो ठरवतो. म्हणून चौकटीत मोठी पांढरी भिंत किंवा तळपणारी ज्योत आली की फोन एकूण चित्र गडद करतो आणि चेहरे काळवंडतात. उलट गडद पडद्यासमोर काळा कोट घालून उभ्या असलेल्या नवरदेवाचा चेहरा पांढराफटक येतो, कारण फोनने सगळं उजळवायचा प्रयत्न केलेला असतो.

चेहऱ्यावर बोट टेकवलं की फोन त्या चेहऱ्यापुरता हिशोब करतो. बोटाजवळ सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येते, ती खाली सरकवली की फोटो गडद होतो. घरातल्या फोटोत ती थोडी खाली ठेवावी असं मी नेहमी सांगतो. कारणं दोन. ज्योत किंवा पांढरा सदरा पूर्ण पांढरा झाला की त्यातला तपशील कायमचा जातो, गडद भागातला मात्र नंतर बराचसा परत मिळवता येतो. दुसरं कारण पुन्हा वेळेचंच. कमी उजळ फोटोला कमी उजेड पुरतो, म्हणून फोन बऱ्याचदा शटरचा वेळही कमी करतो आणि हालचाल आणखी थोडी थांबते. फोन आयएसओ कमी करेल की वेळ, हे मात्र त्या-त्या फोनवर अवलंबून असतं, त्यामुळे दरवेळी हा फायदा मिळेलच असं नाही.

आता प्रत्यक्ष औक्षण

भाऊ पाटावर बसलाय, ताई समोर, हातात ताम्हण. फोटो काढणाऱ्याने कुठे उभं राहायचं? दोघांच्या मधोमध बाजूला, साधारण दीड मीटरवर, म्हणजे दोघांचेही चेहरे कडेने दिसतील आणि दोघं तुमच्यापासून सारख्याच अंतरावर असतील. एका फोकसमध्ये दोघंही बसतात ते यामुळेच. ताईच्या पाठीमागे उभं राहिलं तर तिची फक्त वेणी येते. गुडघ्यावर बसून फोन त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आणा. मागे टीव्ही किंवा उघडी खिडकी येत नाही ना, ते बघा.

मुख्य लेन्सच ठेवा, म्हणजे पडद्यावर १ किंवा 1x लिहिलेलं असतं ती. चंद्रकोर दिसत असेल तर बंद करा. कुंकू लावायच्या आधीच भावाच्या डोळ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा, सूर्य थोडा खाली ओढा. ज्योतीभोवतीचा पिवळा रंग पडद्यावर दिसू लागला आणि चेहरा अजून ओळखू येतोय, एवढं खाली पुरे. कोपर पोटाशी टेकवा, फोन दोन्ही हातांत धरा, आवाजाचं बटण दाबून फोटो काढता येतो.

मग क्षण निवडा. ओवाळण्यात हात सतत फिरत नसतो. कुंकवाचं बोट कपाळाला टेकतं तिथे तो थांबतो. अक्षता टाकण्याआधी मूठ वर जाऊन क्षणभर थबकते. निरांजन फिरवताना वर्तुळाच्या वरच्या टोकाला बहुतेकींचा हात मंदावतो. घास भरवताना दोघंही थांबतात आणि हसतात. या क्षणांच्या जरा आधीपासून सलग फोटो घ्या. आयफोनवर शटरचं बटण डावीकडे ओढून धरलं की, सॅमसंगवर ते कडेकडे ओढलं की सलग फोटो निघतात. पंधरा-वीस निघतील, त्यांतला एक ठेवायचा आणि बाकीचे त्याच रात्री पुसून टाकायचे. नाही पुसले तर फोन भरतो आणि चांगला फोटो त्या गर्दीत हरवतो.

पहिले दोन फोटो झाले की लगेच एक मोठा करून बघा. भिंत स्पष्ट आणि हात फरकटलेला दिसला तर आणखी एक दिवा लावा किंवा सूर्य अजून खाली घ्या. दोन्ही धूसर असतील तर हात सावरा, भिंतीला पाठ टेकवा. बघायचं ते समारंभ चालू असतानाच, कारण नंतर ताईला पुन्हा ओवाळायला सांगता येत नाही.

प्रो मोड असेल तर

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये Pro नावाचा मोड असतो. त्यात S हे अक्षर शटरचं. ते १/१०० वर ठेवा आणि आयएसओ आपोआप राहू द्या. फोन तसं करू देत नसेल तर आयएसओ ८०० ठेवा, फोटो फार गडद वाटला तर १६००. आयफोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात हा मोड नाही, त्यासाठी वेगळं ॲप लागतं. या मोडमध्ये काही फोन एकच फोटो घेतात, जुळवाजुळव करत नाहीत, म्हणून दाणे जास्त दिसतील. हालचाल जास्त असेल तेव्हाच तो वापरावा.

१/१०० हाच आकडा का, याला आपल्याकडच्या विजेचं कारण आहे. भारतात वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं करतो, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे आणि माळा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते दिसत नाही. पण शटर १/२०० किंवा १/५०० केलं तर कॅमेरा फोटोचा काही भाग दिवा तेज असताना आणि काही मंद असताना टिपतो, आणि फोटोवर आडवे-उभे काळसर पट्टे येतात. १/१०० किंवा १/५० सेकंदात दिव्याची पूर्ण लहर मावते, म्हणून पट्टे येत नाहीत. साड्यांवर अनोळखी पट्टे दिसले तर कॅमेरा बिघडलेला नसतो, शटर या आकड्यांवर आणा.

फ्लॅश, झूम आणि मेगापिक्सेल

फोनचा फ्लॅश म्हणजे एक लहानसा एलईडी. तो एक-दीड मीटरपर्यंत पोचतो, पुढच्यांचे चेहरे पांढरे करतो आणि मागची खोली काळी ठेवतो. निरांजनाचा पिवळा उजेड तर पूर्ण मारून टाकतो. अगदीच अंधार असेल तर दुसऱ्या कुणाला त्याच्या फोनचा टॉर्च पांढऱ्या भिंतीवर किंवा छतावर मारायला सांगा. परतून येणारा मऊ उजेड चेहऱ्यावर बरा दिसतो.

दोन बोटांनी झूम करणं म्हणजे बहुतेक वेळा मधला तुकडा कापून मोठा करणं. तीनपट-पाचपट झूमची खरी लेन्स असली, तरी तिचा सेन्सर लहान असतो. उजेड कमी आहे हे बघून काही फोन ती लेन्स वापरतच नाहीत, मुख्य लेन्सचाच तुकडा मोठा करून दाखवतात. दोन पावलं पुढे जावं, हेच बरं.

मेगापिक्सेलचं म्हणाल, तर ५० मेगापिक्सेलचा सेन्सर घरात बहुधा चार-चार ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, कारण तसं केल्याने उजेड जास्त गोळा होतो. रात्री सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम ५० चालू करू नये.

फोटो चांगला होता, ग्रुपवर टाकल्यावर धूसर झाला

हे खरं आहे आणि यात कॅमेऱ्याचा दोष नाही. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो लहान करून दाबतं, आणि दाणे असलेला फोटो जास्त बिघडतो. पाठवण्याआधी वर येणारं HD बटण दाबलं तर बरंच वाचतं. छापायचा असेल किंवा परदेशातल्या मामाला अल्बमसाठी हवा असेल, तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मूळ फाइल जशीच्या तशी जाते. आणि दुसऱ्या कुणी काढलेला फोटो हवा असेल तर तो ग्रुपवरून उतरवून न घेता, ज्यांनी काढला त्यांच्या फोनमधूनच असा मागून घ्या.